बारावीनंतर दोन वर्षं घरासाठी काम केलं, आता कॉलेजला गॅपचं पत्र कसं लिहायचं

प्रश्न: मी २०२३ ला बारावी सायन्स झालो, ६१ टक्के. निकालानंतर पंधरा दिवसांत पप्पांच्या टेम्पोला अपघात झाला, मग आधी मार्केटमध्ये हमाली केली आणि नंतर चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर लागलो. टेम्पोचे हप्ते या मे महिन्यात संपले, पप्पा आता एका गाळ्यावर हिशेबाला बसतात. बीएस्सीला अ‍ॅडमिशन घ्यायचंय तर कॉलेजवाले गॅपचं पत्र आणि अ‍ॅफिडेव्हिट मागतायत. काय लिहू? मार्केटच्या कामाचा काहीच पुरावा नाही. आणि जॉब अजून चालू आहे, ते सांगू की लपवू?

उत्तर:

मी २२ वर्षं एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली बरीचशी अ‍ॅडमिशनच्या टेबलावर, त्यामुळे अशी पत्रं हजारोंनी माझ्या हातातून गेलीत. आधी तुला हे सांगतो की ते पत्र पलीकडे वाचतं कोण. पहिल्यांदा क्लार्क वाचतो, मग प्रवेश समितीतले एकदोन सर-मॅडम, शेवटी सही प्राचार्यांची. यातल्या कुणालाही तू किती दुःख सोसलंस ते मोजायचं नसतं. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात. मधल्या दोन वर्षांत तू दुसरीकडे कुठे अ‍ॅडमिशन घेतलं होतंस का, तुझा ओरिजिनल दाखला आणि मार्कशीट तुझ्याकडेच आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या कारणाने तू थांबलास ते कारण आता संपलंय का, की दिवाळीनंतर परत कॉलेज सोडून जाशील. ९० टक्के पत्रांत थांबायच्या कारणाबद्दल पान भरून लिहिलेलं असतं आणि या तिसऱ्या गोष्टीबद्दल एक ओळ पण नसते. तुझ्याकडे तर त्याचं उत्तर तयार आहे, हप्ते संपले आणि वडील परत कमवायला लागले, पण तूसुद्धा ते प्रश्नात माहिती म्हणून लिहिलंस, पत्रात लिहायचं असतं हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

आता गॅप मोजायचा कसा, कारण इथेच सगळ्यात जास्त कागद परत जातात. गॅप कॅलेंडरच्या वर्षांत नाही मोजायचा, शैक्षणिक वर्षांत मोजायचा. तुझा निकाल लागला २५ मे २०२३ ला, म्हणजे तुझं बारावीचं वर्ष २०२२-२३. तू अ‍ॅडमिशन घेतोयस २०२५-२६ ला. मधली वर्षं दोनच, २०२३-२४ आणि २०२४-२५. पण मुलं काय करतात, पत्रात लिहितात '२०२३ ते २०२५', मग कुणी ते बोटावर २३, २४, २५ असं मोजतं आणि तीन म्हणतं, आणि अ‍ॅफिडेव्हिटवाला टायपिस्ट त्याच्या मनाने तिसरंच काहीतरी टाकतो. आमच्याकडे एका मुलीच्या पत्रात तीन वर्षं, अ‍ॅफिडेव्हिटमध्ये दोन आणि फॉर्मवर एक असं झालं होतं, बिचारी तीन वेळा एसटीने येऊन गेली आणि तोपर्यंत त्या फेरीची तारीख संपली. म्हणून पत्र, अ‍ॅफिडेव्हिट, कॉलेजचा फॉर्म आणि पुढे महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरशील तेव्हा तिथे, सगळीकडे एकच वाक्य ठेव: 'शैक्षणिक वर्ष २०२३-२४ व २०२४-२५ अशी दोन वर्षे'. एका कागदावर लिहून घे आणि प्रत्येक ठिकाणी बघून उतरव.

आता अपघाताचं कसं लिहायचं. बहुतेकांचं पहिलं वाक्य असं असतं: 'माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे व वडिलांवर अचानक संकट कोसळल्यामुळे नाइलाजास्तव माझे शिक्षण खंडित झाले, तरी माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.' यात खोटं काहीच नाही, पण यातून कळतं काय? काय झालं, कधी झालं, घरात कमावणारं कोण होतं, किती पैसे लागत होते, काहीच नाही. आणि 'शिक्षण खंडित झाले' असं म्हटलं की शिक्षण आपोआप थांबल्यासारखं वाटतं, खरं तर तू ठरवून थांबवलंस आणि घर चालवलंस. तसंच लिही: 'जून २०२३ मध्ये वडिलांच्या टेम्पोला अपघात झाला. त्यांच्या पायाचे ऑपरेशन झाले व ते दीड वर्ष काम करू शकले नाहीत. घरात दुसरे कमावणारे कोणी नव्हते आणि टेम्पोच्या कर्जाचा दरमहा ९,४०० रुपये हप्ता चालू होता. म्हणून मी त्या वर्षी प्रवेश न घेता काम करायचे ठरवले.' एवढं बास. (ऑपरेशन, दीड वर्ष आणि हप्त्याचा आकडा मी अंदाजाने घातलाय, तुझं खरं आहे ते टाक.) हॉस्पिटलची फाईल जोडू नकोस, डिस्चार्ज कार्डची एक झेरॉक्स आणि कर्जाच्या स्टेटमेंटचं शेवटचं पान, ज्यावर मे २०२५ चा शेवटचा हप्ता दिसतो ते, इतकंच जोड. ते शेवटचं पान तुझा सगळ्यात भारी कागद आहे, कारण थांबायचं कारण संपलं हे त्याच्यावर बँकेने छापून दिलंय.

कामाच्या पुराव्याचं जरा नीट सांगतो, कारण एमआयडीसीत काम केलेल्या पोरांचा गोंधळ इथे ठरलेला असतो. तू काम करतोस कंपनीच्या गेटच्या आत, डोक्यावर हेल्मेट कंपनीचं, पण कागदावर तू कंपनीचा नाहीसच, तू ठेकेदाराचा माणूस आहेस. पत्रात कंपनीचं नाव लिहिलंस आणि पासबुकात पगार ठेकेदाराच्या नावाने जमा होताना दिसला की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी जुळत नाही. म्हणून 'अमुक ठेकेदारामार्फत, तमुक कंपनीत' असं दोन्ही लिहायचं. ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र मागून बघ, पण बरेच ठेकेदार टाळतात, कधी पीएफ पूर्ण भरलेला नसतो म्हणून, कधी उद्या हा पोरगा कायम करा म्हणून कागद दाखवेल या भीतीने. दिलं नाही तर भांडत बसू नकोस आणि त्याच्या नावाचं लेटरहेड स्वतः बनवून घ्यायचा विचार तर स्वप्नातही करू नकोस, पोरं करतात आणि एका फोनमध्ये उघडी पडतात. तुझा पीएफ कापला जात असेल तर तुला यूएएन नंबर मिळालेला असणार, ईपीएफओच्या साइटवरून पासबुक डाउनलोड कर. त्यात महिन्या-महिन्याची जमा दिसते आणि वर मालकाचं म्हणजे ठेकेदाराचं नाव असतं. अनुभवाच्या पत्रापेक्षा मी या पासबुकावर जास्त विश्वास ठेवायचो, कारण ते कुणाला सांगून लिहून घेता येत नाही. पीएफ कापलाच नसेल, किंवा तुला अ‍ॅप्रेंटिस म्हणून स्टायपेंडवर घेतलं असेल तर तिथे पीएफची नोंद सापडणार नाही, मग बँकेचं स्टेटमेंट काढ आणि पगाराच्या एंट्रीखाली पेन्सिलने रेघ मार.

अजून एक, ठेकेदार बऱ्याचदा सहा-सात महिन्यांनी आठ-दहा दिवसांचा ब्रेक देतात आणि परत घेतात. पासबुकात तेव्हा एखादा महिना कमी रकमेचा किंवा कोरा दिसतो. त्याबद्दल पत्रात अर्धी ओळ लिहून टाक, 'मध्ये एप्रिल २०२४ मध्ये ठेकेदाराचा ब्रेक होता' अशी. तू सांगितलंस तर ती माहिती आहे, त्यांना सापडलं तर तो प्रश्न होतो.

मार्केटमधल्या हमालीला पुरावा नाही म्हणतोस, तर नसू दे. रोखीचं काम होतं, समज जूनचा शेवट ते सप्टेंबर म्हणजे तीन साडेतीन महिने. ज्या आडत्याच्या गाळ्यावर काम केलंस त्याने स्वतःच्या बिलबुकाच्या कागदावर दोन ओळी लिहून सही-शिक्का दिला तर उत्तम, आडते लोक अशा बाबतीत मोठ्या कंपनीपेक्षा लवकर मदत करतात हा माझा अनुभव आहे. तो पण नाही म्हणाला तर पत्रात सरळ लिही की हे काम रोजंदारीवर होतं आणि त्याची कागदपत्रं नाहीत. २४ महिन्यांपैकी २१ महिन्यांचा कागद असताना उरलेल्या तीन महिन्यांसाठी कुणी अडवत नाही. अडवतात कधी, तर तू ते तीन महिने ठेकेदाराच्या तारखेत ढकलून दिलेस आणि पासबुकात सुरुवात ऑक्टोबरपासून दिसली तर. म्हणजे पुरावा नसल्यामुळे नाही, तारीख खोटी निघाल्यामुळे.

आता जॉबचं. लपवू नकोस. हेच मी सगळ्यात जोर देऊन सांगेन, कारण लपवलेलं सप्टेंबरमध्ये हजेरीत दिसतंच. बीएस्सीला प्रॅक्टिकल असतात, ७५ टक्के हजेरीची अट असते, आणि फर्स्ट शिफ्टवाला मुलगा सकाळच्या प्रॅक्टिकलला येऊच शकत नाही. पण नुसतं 'मी सध्या नोकरी करतो' असं लिहून सोडलंस तर समितीच्या मनात तीच शंका राहणार. म्हणून पत्र लिहायच्या आधी घरी बसून ठरव. सोडणार असशील तर कोणत्या तारखेपासून, ते लिही. सोडणं परवडणार नसेल तर कॉलेजच्या वेळेला आड न येणारं काय करणार ते लिही, आणि कॉलेजात कमवा आणि शिका योजना आहे का ते ऑफिसात विचार. बऱ्याच कॉलेजांत ती असते, लायब्ररी, ऑफिस, बाग, लॅब अशा ठिकाणी रोज ठराविक तास काम आणि त्याचे पैसे. पगाराची बरोबरी त्याने होणार नाही हे धरून चाल, पण पत्रात त्याचा उल्लेख असला की समितीला कळतं की पोराने विचार केलाय. एक मात्र सांभाळ, 'नाइट शिफ्ट करून कॉलेज करेन' असं लिहू नकोस आणि करूही नकोस. रात्रभर लाईनवर उभं राहून आलेली पोरं मी लॅबच्या टेबलावर डोकं ठेवून झोपलेली पाहिलीत, ॲसिडची बाटली समोर असते रे, आणि पहिल्या सेमिस्टरलाच ती गळतात.

हे सगळं धरून पत्र असं होईल. यातल्या कामाच्या तारखा आणि बाजाराचं गाव पण मी अंदाजाने घातलंय, तुझं खरं आहे ते टाक. एका पानात बसलं पाहिजे, हाताने लिहिलंस तरी चालेल, फक्त खाडाखोड नको.

दिनांक: ७ जुलै २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचे नाव व गाव)

विषय: प्रथम वर्ष बी.एस्सी. प्रवेश २०२५-२६, शैक्षणिक खंडाबाबत खुलासा

महोदय,

मी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये इयत्ता १२ वी (विज्ञान) परीक्षा ६१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालो. त्यानंतर शैक्षणिक वर्ष २०२३-२४ व २०२४-२५ अशी दोन वर्षे मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही. माझा मूळ शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रक माझ्याकडे आहे.

जून २०२३ मध्ये वडिलांच्या टेम्पोला अपघात झाला. त्यांच्या पायाचे ऑपरेशन झाले व ते दीड वर्ष काम करू शकले नाहीत. घरात दुसरे कमावणारे कोणी नव्हते आणि टेम्पोच्या कर्जाचा दरमहा ९,४०० रुपये हप्ता चालू होता. म्हणून मी त्या वर्षी प्रवेश न घेता काम करायचे ठरवले.

जून २०२३ अखेरपासून सप्टेंबर २०२३ पर्यंत मी चाकण येथील बाजारात रोजंदारीवर हमालीचे काम केले. त्याची कागदपत्रे नाहीत. ३ ऑक्टोबर २०२३ पासून (ठेकेदाराचे नाव) यांच्यामार्फत (कंपनीचे नाव), चाकण येथे हेल्पर म्हणून काम करत आहे. मध्ये एप्रिल २०२४ मध्ये ठेकेदाराचा ब्रेक होता. गेले वर्षभर तयार झालेले भाग व्हर्निअर व गेज लावून तपासण्याचे काम माझ्याकडे आहे.

कर्जाचा शेवटचा हप्ता मे २०२५ मध्ये भरला आहे. वडील मार्चपासून एका गाळ्यावर हिशेबाचे काम करतात व घरखर्च त्यात भागतो. मी १५ जुलैपासून नोकरी सोडत आहे. महाविद्यालयात कमवा आणि शिका योजना असल्यास त्यात काम करण्याची माझी तयारी आहे. एप्रिलपासून मी १२ वीचे भौतिकशास्त्र व गणित पुन्हा वाचत आहे.

तरी माझा प्रवेश अर्ज स्वीकारावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, मार्कशीटवर आहे तसे पूर्ण नाव, मोबाईल नंबर)

सोबत: १२ वीचे गुणपत्रक, दाखल्याची प्रत, पीएफ पासबुक, डिस्चार्ज कार्ड, कर्जाच्या स्टेटमेंटचे शेवटचे पान.

यात व्हर्निअरचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, हेल्परची बरीच पोरं वर्षभरात तपासणीला बसतात म्हणून. तू तसं काम केलं नसशील तर काढून टाक, सांगायला बरं दिसतं म्हणून ठेवू नकोस, कारण फिजिक्सचे सर हमखास विचारतील की बाबा, लीस्ट काउंट किती असतो. पण केलं असशील तर ते वाक्य सोनं आहे. अकरावीच्या प्रॅक्टिकलला जे दोनदा हातात घेतलं ते तू दिवसातून शेकडो वेळा वापरलंस. एप्रिलपासून वाचतोय हे पण तसंच, खरं असेल तरच. नसेल वाचत तर आज रात्रीपासून सुरू कर आणि 'जुलैपासून' लिही, त्याने काही कमी होत नाही.

अ‍ॅफिडेव्हिट वेगळं आणि पत्र वेगळं, हे दोन्ही एकच समजू नकोस. पत्रात तू कारण सांगतोस, अ‍ॅफिडेव्हिटमध्ये तू शपथेवर सांगतोस की या काळात मी कुठे प्रवेश घेतला नव्हता आणि कुठल्या गुन्ह्यात नव्हतो. तिथे अपघात, हप्ते काही लिहायची गरज नाही, एक ओळ पुरे, 'कौटुंबिक कारणास्तव नोकरी करत होतो'. तुझं १८ पूर्ण असणार, म्हणजे ते तुझ्याच नावाने, वडिलांच्या नाही. आणि स्टॅम्प घ्यायला धावण्याआधी ऑफिसात विचार की कसं हवंय, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं का, नोटरी लागते का, की तहसीलचंच पाहिजे. प्रत्येक कॉलेजची पद्धत वेगळी असते, त्यामुळे चुकीचा कागद केलास तर उगाच पैसे जातात. टायपिस्टने दिलेला तयार नमुना सही करायच्या आधी पूर्ण वाच. त्यात बहुतेक वेळा आधीच्या गिऱ्हाईकाची वर्षं तशीच राहिलेली असतात.

'कोठेही प्रवेश घेतला नाही' हे वाक्य तुझ्या बाबतीत खरं आहे असं मी धरून चाललोय. जर मध्ये कुठे बीकॉमला नाव घालून ठेवलं असशील, किंवा मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून फी भरली असशील, भले एकही परीक्षा दिली नसेल, तर हे वाक्य लिहू नकोस. पत्रात सांग की प्रवेश घेतला होता आणि अमुक महिन्यात सोडला. दाखला त्या कॉलेजात जमा असेल तर आधी तिथून काढून आणावा लागेल, त्याला आठवडा जातो, म्हणून ते काम पहिलं.

राहिलं नावाचं. मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पीएफ आणि बँकेत आधारप्रमाणे नाव आधी. एवढा फरक कुणी धरत नाही, पण स्पेलिंग वेगळं असेल किंवा वडिलांचं नाव अर्धवट असेल तर क्लार्क विचारणार, त्यामुळे आधारची झेरॉक्स बरोबर ठेव. पत्राच्या दोन प्रती ने, एक देऊन दुसऱ्यावर आवक शिक्का आणि तारीख मारून घे. ओरिजिनल सगळे बरोबर असू देत पण पडताळणी झाली की परत मागून घे, दाखला सोडून, तो कॉलेज ठेवून घेतं, त्याच्या दोन-तीन झेरॉक्स आधीच काढून ठेव. आणि प्राचार्यांनी आत बोलावलं तर पत्रात आहे तेच त्याच क्रमाने सांग, आधी काय झालं, मग काय काम केलं, मग आता काय बदललं. दोन मिनिटांत होतं.